लिंकवर दिसते ती गाडी, तुम्ही नव्हे
ॲपवरून केलेल्या कॅब प्रवासाबद्दलचे पाच गैरसमज

रात्रीची कॅब बुक झाली की बहुतेक घरांत एक गोष्ट आता आपोआप होते. प्रवासाची लिंक घरच्यांना पाठवली जाते आणि ते नकाशावर सरकणारी छोटी गाडी बघत बसतात. सोय चांगली आहे, पण ती नेमके काय दाखवते आणि काय दाखवत नाही हे ना पाठवणाऱ्याला पक्के ठाऊक असते, ना बघणाऱ्याला. ही माहिती कोणाच्या फोनवरून येते, हा एक प्रश्न विचारला की पुढचे बरेचसे गैरसमज सुटतात.

उदाहरणासाठी एक काल्पनिक प्रवास घेऊ. रेवती रात्री साडेअकराला पुणे स्टेशनवर उतरली आहे, तिला बाणेरला जायचे आहे, आणि तिची आई साताऱ्यात फोन हातात घेऊन बसली आहे.

गैरसमज १ : लिंक पाठवली म्हणजे मी कुठे आहे ते घरी दिसते.

वस्तुस्थिती : घरी दिसते ती तुम्ही बुक केलेली गाडी. प्रवास चालू असताना चालकाच्या फोनमधले ॲप आपले ठिकाण सतत कंपनीकडे पाठवत असते आणि लिंकवरची गाडी मुख्यतः त्या माहितीवर सरकते. याचा एक मोठा फायदा आहे. रेवतीच्या फोनची बॅटरी विद्यापीठ चौकात संपली, तरी आईच्या पडद्यावर गाडी पुढे जात राहते. लिंक उघडायला आईच्या फोनमध्ये ते ॲप असण्याचीही गरज नसते. साध्या ब्राउझरमध्ये गाडीचा प्रकार, नंबर, चालकाचे नाव आणि पोचण्याची अंदाजे वेळ दिसते.

मर्यादाही यातच आहे. स्टेशनबाहेरच्या गर्दीत रेवती चुकून तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या पांढऱ्या गाडीत बसली, तर आई बुक केलेल्या गाडीकडेच बघत राहील. ती गाडी रेवतीची वाट पाहत जागच्या जागी उभी दिसेल आणि आईला वाटेल, अजून निघालेली नाही.

व्हॉट्सॲपचे लाइव्ह लोकेशन याच्या उलट चालते. ते रेवतीच्या फोनवरून निघते, म्हणून ती जिथे असेल ते दाखवते. पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास असे तीन पर्याय त्यात असतात. फोन बंद पडला किंवा नेट गेले की ते थांबते, आणि गाडीचा नंबर त्यात नसतो. रात्रीच्या किंवा लांबच्या प्रवासात दोन्ही पाठवावे ते यासाठी. एक गाडीचे ठिकाण सांगते, दुसरे माणसाचे. दोन्ही खुणा एकाच रस्त्याने सरकत असतील तर ठीक. दोन-तीन मिनिटांनंतरही त्या वेगवेगळ्या दिशांना जात असतील, तर आईने लगेच फोन करावा.

गैरसमज २ : ओटीपी ही नुसती औपचारिकता आहे, फोनवर सांगितला तरी चालतो.

वस्तुस्थिती : प्रवासी आणि बुक केलेली गाडी यांची गाठ ज्या क्षणी पडते, तो क्षण ओटीपीचा आहे. चालकाने आकडे टाकले की ॲपच्या लेखी प्रवास सुरू होतो, मग मागच्या सीटवर कोणी असो वा नसो. "मॅडम, ट्रॅफिकमध्ये अडकलोय, ओटीपी सांगून ठेवा, आलोच," असे कोणी म्हणाले आणि रेवतीने तो सांगितला, तर भाडे चालू होते आणि ती रस्त्यावर उभी असतानाच घरच्या लिंकवर प्रवास सुरू झालेला दिसतो.

म्हणून क्रम ठरलेला असावा. आधी नंबरप्लेट, मग चालकाचा चेहरा, आणि ओटीपी गाडीत बसल्यावर. प्लेटचे शेवटचे चार आकडेच नव्हे, तर आधीची अक्षरेही जुळवावीत. भाड्याच्या टॅक्सीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात, विजेवर चालणाऱ्या टॅक्सीची पाटी हिरवी आणि अक्षरे पिवळी. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे खासगी गाडी. चालकाला "रेवतीसाठी आलात ना?" असे विचारले तर उत्तर "हो" असेच येणार. "कोणाच्या नावाने बुकिंग आहे?" असे विचारावे आणि नाव त्याला सांगू द्यावे.

गाडी तीच पण चालक फोटोतला नाही, असेही होते. कधी भाऊ, कधी मित्र दुसऱ्याच्या खात्यावर गाडी चालवत असतो. माणूस सज्जन असेलही, पण कंपनीने ज्याची कागदपत्रे तपासली तो हा नव्हे, आणि घरच्यांच्या लिंकवरचे नावही याचे नाही. अशा वेळी न बसता बुकिंग रद्द करावे आणि ॲप कारण विचारते तेव्हा चालक किंवा गाडी जुळत नसल्याचे कारण निवडावे. नोंद तिथेच होते आणि रद्द करण्याचे शुल्क लागले तर तक्रारीला आधार राहतो.

गैरसमज ३ : नकाशावरची गाडी थांबली किंवा रेषा सोडून गेली म्हणजे काहीतरी गडबड आहे.

वस्तुस्थिती : नकाशावरची रेषा ही सुचवलेली वाट असते. खोदकाम, मिरवणूक, बंद चौक यांमुळे चालक दुसरा रस्ता धरतो आणि थोड्या वेळात रेषाही बदलते. गाडी गोठल्यासारखी दिसण्याचे सर्वांत नेहमीचे कारण नेट किंवा जीपीएस तुटणे हे असते. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर भाताणच्या बोगद्यात शिरलेली गाडी नकाशावर थबकते आणि बाहेर पडल्यावर एकदम पुढे उडी मारते.

मग घरच्यांनी काय बघावे? पोचण्याची वेळ. वाट बदलली तरी पोचण्याची वेळ साधारण तीच राहिली, तर तो वळसा आहे. रेवतीची वेळ निघताना ११.५८ होती, ती १२.०३ झाली, तर वाहतूक समजावी. पण ती १२.१०, मग १२.२०, मग १२.३० अशी पुढे सरकत असेल, म्हणजे गाडी चालू असूनही बाणेर लांब जात असेल, तर कारण विचारायलाच हवे. आईने रेवतीला फोन करावा आणि उत्तर हो-नाहीत देता येईल असा प्रश्न विचारावा. चालकासमोर तिला सगळे बोलता येईलच असे नाही.

काही ॲप गाडी बराच वेळ अनपेक्षितपणे थांबली किंवा धडक बसल्यासारखे वाटले, तर प्रवासी आणि चालक दोघांना "सर्व ठीक आहे का?" असा संदेश पाठवतात. ही खूण यंत्र ओळखते. कंपनीत बसून प्रत्येक प्रवासाकडे कोणी माणूस बघत नसतो. म्हणून तो संदेश न वाचता पुसून टाकू नये.

गैरसमज ४ : एसओएस दाबले की पोलिसांना सगळे आपोआप कळते.

वस्तुस्थिती : डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत ॲप कॅबमध्ये एका प्रवासी तरुणीवर अत्याचार झाला, आणि त्यानंतर भारतातल्या कॅब ॲपमध्ये हे आपत्कालीन बटण येऊ लागले. प्रवास चालू असताना ते बहुधा ढालीच्या चिन्हाखाली सापडते. त्यातला पोलिसांचा पर्याय ११२ या क्रमांकाला फोन लावतो. काही शहरांत गाडीचे ठिकाणही पोलिसांच्या यंत्रणेला जाते, पण सगळीकडे तशी जोडणी आहे असे धरून चालू नये. फोन लागला की तोंडानेच सांगायची तयारी ठेवावी : आधी गाडीचा नंबर, मग आत्ता गेलेली ओळखीची खूण, मग गाडी कुठल्या दिशेने चालली आहे. महामार्गावर असाल तर किलोमीटरच्या पाटीवरचा आकडा. वाक्य तुटले, फोन हिसकावला गेला, तरी नंबर पोचलेला असावा, म्हणून तो पहिला.

गाडीतले लाल बटण वेगळे. १ जानेवारी २०१९ नंतर नोंदल्या गेलेल्या प्रवासी टॅक्सींमध्ये स्थाननोंदणीचे यंत्र आणि आपत्कालीन बटण असावे असा केंद्राचा नियम आहे. ते बटण ॲपशी नव्हे, तर गाडीतल्या त्या यंत्राशी जोडलेले असते. रिक्षा आणि दुचाकी यांना हा नियम लागू नाही. म्हणजे बाइक टॅक्सीवर तुमच्या हाती फक्त फोन असतो.

ॲपमधल्या आवाजाच्या रेकॉर्डिंगबद्दलही असाच घोळ आहे. जिथे ही सोय आहे तिथे ती प्रवाशाला स्वतः चालू करावी लागते आणि मायक्रोफोनची परवानगी आधी दिलेली असावी लागते. उबरमध्ये ती फाइल कुलूपबंद होऊन फोनमध्येच राहते. तुम्ही तक्रारीसोबत पाठवली तरच कंपनी ती ऐकू शकते. त्या क्षणी मदत बोलावणे हे तिचे काम नाही, ती नंतरचा पुरावा आहे.

गैरसमज ५ : गाडी तीच, चालक तोच, मग ॲपवर रद्द करून गेले तर काय बिघडले?

वस्तुस्थिती : "कॅन्सल करा, तेवढ्याच पैशांत रोख सोडतो," ही विनंती पुण्या-मुंबईत सर्रास ऐकू येते. कंपनीचा हिस्सा वाचावा एवढाच चालकाचा हेतू बहुतेक वेळा असतो. पण रद्द केल्याच्या क्षणी तो प्रवास ॲपच्या लेखी उरत नाही. घरची लिंक बंद पडते, थांबल्याची चौकशी करणारा संदेश येत नाही, त्या फेरीला जोडलेल्या विम्याचा आधार जातो, आणि पुढे तक्रार केली तर कंपनी म्हणते की असा प्रवास झालाच नाही. म्हणून गाडी जुळली तरी नकार द्यावा. चालक ऐकत नसेल तर उतरून दुसरी बुक करावी.

घरी लिंक बघणाऱ्यासाठी दोन गोष्टी उरतात. लिंक आल्या आल्या आईने गाडीचा नंबर दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवावा, कारण प्रवास संपल्यावर लिंक काही सांगत नाही. आणि "प्रवास पूर्ण झाला" हे शब्द दिसले की फोन बाजूला ठेवू नये. तो शेवट चालकाच्या बोटाने होतो. त्याने सोसायटीच्या फाटकाआधी दोन गल्ल्या अलीकडेच बटण दाबले, तरी आईच्या पडद्यावर तेच वाक्य उमटेल. घरात पाऊल टाकल्याचा निरोप रेवतीने स्वतः द्यायचा असतो, आणि तो किती मिनिटांत आला नाही तर आईने फोन करायचा, हे दोघींनी निघण्याआधी ठरवलेले बरे.