वितळलेल्या सिलिकॉनमधून स्फटिक ओढताना
क्वार्ट्झच्या मुशीत १४१४ अंश सेल्सिअसच्या वर वितळवलेल्या सिलिकॉनला एकाच स्फटिकाचे छोटे बीज टेकवतात आणि ते फिरवत सावकाश वर ओढतात. खालचा द्रव गोठताना त्यातले अणू बीजाचीच रचना उचलतात. मात्र टेकवतानाच्या उष्ण धक्क्याने बीजातल्या अणूंच्या काही ओळी सरकतात. म्हणून आधी जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाडीची मान ओढतात. तिच्यात हे दोष कडेला जाऊन संपतात. मगच व्यास वाढवतात.

खरी डोकेदुखी मुद्दाम मिसळलेल्या बोरॉन किंवा फॉस्फरसची. गोठणारे सिलिकॉन त्यांना पुरते सामावून घेत नाही. द्रवाच्या तुलनेत स्फटिकात बोरॉनचे प्रमाण ०.८ पट, तर फॉस्फरसचे फक्त ०.३५ पट राहते. उरलेले द्रवात साठत जाते. नव्वद टक्के द्रव गोठेपर्यंत स्फटिकात नव्याने शिरणारे बोरॉन सुरुवातीच्या सुमारे १.६ पट होते, फॉस्फरस साडेचार पट! साहजिकच कांडीच्या दोन टोकांचा विद्युतरोध वेगळा निघतो आणि शेपटाकडचा भाग मापात बसला नाही, तर बाद होतो.

चकतीला एकसंध स्फटिकच लागतो, कारण सरकलेल्या ओळींपाशी लोह, तांबे जमतात आणि ट्रान्झिस्टर बंद असतानाही तिथून प्रवाह गळतो. दोन स्फटिकांमधली सीमा तर इलेक्ट्रॉनांची वाटच अडवते.