सेल्फ फिरतो, गाडी मात्र सुरू होत नाही

समजा, पुण्यातल्या एका सोसायटीत दहा-बारा वर्षं जुनी पेट्रोलवरची फोर्ड फिएस्टा रिव्हर्स घेताना मागच्या खांबावर आदळली. बंपरला ओरखडा पडला, बाकी काही नाही. पण इंजिन बंद पडलं. चावी फिरवली की सेल्फ जोरात मारतो, दिवे लख्ख लागतात, तरी इंजिन काही पेट घेत नाही. शेजारी बॅटरीवर शंका घेतो, वॉचमन प्लगवर, आणि तासाभरात टोइंगवाल्याला फोन जातो. खरं तर गाडीत काहीच बिघडलेलं नसतं. एक बटण वर आलेलं असतं, इतकंच.

त्या बटणाला इनर्शिया स्विच किंवा फ्युएल कट-ऑफ स्विच म्हणतात. प्रीमियर पद्मिनीसारख्या कार्बोरेटरच्या गाड्यांना त्याची गरज नव्हती. त्यांचा पंप इंजिनच चालवायचं, त्यामुळे इंजिन थांबलं की पंपही थांबायचा. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत पंप विजेवर चालतो, टाकीत बुडालेला असतो आणि पेट्रोल साधारण तीन बार दाबाने पुढे ढकलतो. अपघातात पाइप फुटला आणि पंप चालूच राहिला, तर तप्त सायलेन्सरवर पेट्रोलची पिचकारी उडू शकते. इंजिन थांबल्यावर गाडीचा कॉम्प्युटर पंप बंद करतो, हे खरं. पण धडक बसली की माणूस पहिल्यांदा काय करतो? पुन्हा चावी फिरवतो. सेल्फ फिरू लागताच पंपही सुरू होतो, म्हणून हा वेगळा अडथळा.

स्विचची रचना जुन्या घड्याळजीलाही आवडावी अशी साधी आहे. शंकूच्या आकाराच्या खोबणीत पोलादाची गोळी असते आणि खाली लोहचुंबक तिला धरून ठेवतो. धक्का पुरेसा जोराचा असला की गोळी चुंबकापासून सुटते, उतारावरून वर चढते, वरच्या पट्टीवर आदळते आणि पंपाचा करंट तुटतो. बटण वर उडतं. सेल्फचा करंट मात्र बॅटरीकडून वेगळ्या वाटेने येतो, त्यामुळे सेल्फ फिरत राहतो.

हे ओळखायचं कानाने. चावी फक्त ऑन केली, सेल्फ मारला नाही, तर मागच्या सीटखालून दोनेक सेकंद बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. तो पंपाचा आवाज. तो येत नसेल आणि त्याआधी गाडीला धक्का बसला असेल, तर पहिला संशय या स्विचवर घ्यावा. त्यानंतर फ्यूज, रिले आणि शेवटी पंप. गुणगुण व्यवस्थित येत असेल, तर दोष बहुधा दुसरीकडे आहे.

बटण शोधणं हीच खरी कटकट. फोर्डच्या अमेरिकी पिकअपमध्ये ते शेजारच्या सीटच्या पायाजवळ असतं, मस्टँगच्या बऱ्याच मॉडेलांत डिकीत, तर जुन्या लँड रोव्हर डिस्कव्हरीत थेट बॉनेटखाली. मालकपुस्तिकेत जागा लिहिलेली असते. पण ती पुस्तिका ग्लोव्ह बॉक्समध्ये सापडणं हा योगायोगच.

बटण सापडलं तरी लगेच दाबू नये. आधी चावी बंद करावी, मग गाडीभोवती फिरून पेट्रोलचा वास घ्यावा, टाकीपासून इंजिनापर्यंत खाली ओल दिसते का ते पाहावं. वास किंवा थेंब आढळला, तर बटणाला हात न लावता गाडीपासून दूर जाऊन मदत बोलवावी. सगळं कोरडं असेल तर बटण खाली दाबावं, काही सेकंद चावी ऑन ठेवून बंद करावी आणि पुन्हा एकदा खाली वाकून पाहावं. आता पंपाने दाब तयार केलेला असतो, त्यामुळे आधी लपलेली गळती याच वेळी दिसते. ही दुसरी नजर बहुतेक जण टाळतात. ती झाल्यावरच सेल्फ मारावा.

साध्या खड्ड्याने किंवा स्पीडब्रेकरने हा स्विच उडू नये. तसं वारंवार होत असेल, तर त्याची पकड सैल झाली असेल, आत गंज चढला असेल किंवा डिकीतलं जड सामान त्याच्यावर आपटत असेल. काही गॅरेजांत अशा वेळी दोन वायरी जोडून स्विच ‘डायरेक्ट’ करून देतात. गाडी सुरू होते, पण पुढच्या अपघातात पंप थांबवणारं काही उरत नाही. नवा स्विच घालणं हाच इलाज.

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत हे बटणच नसतं. एअरबॅगचा सेन्सर धक्का ओळखतो आणि कॉम्प्युटर पंप बंद करतो. अशा गाडीत पायाजवळ हात घालून शोधण्यात अर्थ नाही. काही मॉडेलांत चावी ठरावीक क्रमाने बंद-चालू केल्यावर पंप परत सुरू होतो. एअरबॅग उघडली असेल, तर मात्र वर्कशॉप गाठावंच लागतं.