वरच्या मजल्यासाठी इंग्रजी निरोप

शेजारी मराठी नसला की सोसायटीतल्या तक्रारीचा निरोप इंग्रजीत पाठवावा लागतो. मनात तो मराठीत तयार होतो आणि मग एकेक वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत उतरतं. मूळ मजकूर सभ्य असला तरी समोरच्याला तो दरडावणी वाटतो किंवा उलट अगदीच मिळमिळीत वाटतो.

समजा, ३०२ मधल्या कुटुंबाला वरच्या ४०२ ला हे कळवायचं आहे: ‘नमस्कार. रात्री बारानंतर तुमच्याकडून फर्निचर सरकवल्याचा आवाज येतो. आईची झोपमोड होते. आमच्या पार्किंगमध्ये तुमची गाडीही लागलेली असते. रात्री जरा आवाज करू नये आणि गाडी आपल्या जागेत लावावी, ही विनंती. नाहीतर नाइलाजाने कमिटीकडे जावं लागेल.’

यातलं सगळ्यात अवघड वाक्य ‘करू नये’, ‘लावावी’ हे आहे. या रूपांत ‘तुम्ही’ कुठेच नाही, म्हणून मराठीत ती अदबीची वाटतात. शब्दकोशाच्या आधारे त्यांचं ‘यू शुड नॉट मेक नॉइज’ होतं. इंग्रजीत हे वडीलधाऱ्यांनी कान उपटल्यासारखं ऐकू येतं. तिथे अदब प्रश्नातून येते: ‘कुड यू प्लीज अव्हॉइड मूव्हिंग फर्निचर आफ्टर १० पीएम?’ दहाची वेळ मनाने ठरवलेली नाही. केंद्राच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे १० ते ६. ‘जरा’ मात्र गाळावा. मराठीत तो फक्त सूर मऊ करतो. ‘अ लिटल’ लिहिलं तर मागणीच कमी होते, म्हणजे थोडा आवाज चालेल असा अर्थ निघतो.

पार्किंगसाठी प्रश्न नको. आवाजाबाबत आपण समजूतदारपणा मागतो, पण जागेबाबत आपला हक्क सांगतो. तिथे साधं ‘प्लीज कीप इट फ्री’ पुरेसं ठाम आहे. ‘आमची जागा’चं ‘अवर प्रॉपर्टी’ करू नये. स्टिल्टमधली किंवा उघडी पार्किंगची जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मुंबईतल्याच एका सोसायटीच्या खटल्यात सांगितलं. म्हणून सोसायटीचं वाटपपत्र हाताशी घ्यावं आणि ‘अलॉटेड टू अस बाय द सोसायटी’ असं लिहावं. हे वाक्य कोणी खोडू शकत नाही.

‘आवाज येतो’, ‘गाडी लागलेली असते’ यांतून सवय कळते. भाषांतरात तिथे ‘ऑलवेज’ घुसतो आणि भांडणाला तोंड फुटतं, कारण ‘ऑलवेज कुठे? गेल्या आठवड्यात तर आम्ही गावाला होतो’ असं उत्तर तयार असतं. त्यापेक्षा तारखा द्याव्यात. इथे एक बारीक खाच आहे. ‘तीन तारखेच्या रात्री साडेबारा’ म्हणजे कॅलेंडरप्रमाणे चार तारीख लागलेली असते. ‘द नाइट ऑफ ३–४ एप्रिल’ असं लिहिलं की घोळ होत नाही.

शेवटचं वाक्य धमकी न वाटता ठाम राहायला हवं. ‘अदरवाइज’ने सुरुवात केली की बोट उगारल्यासारखं होतं आणि ‘नाइलाजाने’चं ‘हेल्पलेसली’ केलं तर आपण केविलवाणे दिसतो. ‘जावं लागेल’मधली अनिच्छा ‘विल हॅव टू’ नेमकी पकडतं. ‘काइंडली डू द नीडफुल’ हा सरकारी पत्राचा सूर शेजाऱ्याशी बोलताना परका वाटतो, तो टाळावा.

आता पूर्ण निरोप असा होतो: ‘हॅलो, वुई आर युअर नेबर्स इन ३०२. ऑन द नाइट्स ऑफ ३–४ अँड ५–६ एप्रिल, वुई हर्ड फर्निचर बीइंग मूव्हड आफ्टर मिडनाइट, अँड माय मदर कुड नॉट स्लीप. कुड यू प्लीज अव्हॉइड धिस आफ्टर १० पीएम? ऑल्सो, युअर कार वॉज इन स्लॉट B-12 ऑन बोथ डेज. इट इज अलॉटेड टू अस बाय द सोसायटी, सो प्लीज कीप इट फ्री. वुई वुड लाइक टू सेटल धिस बिट्वीन अवरसेल्व्हज. इफ इट कन्टिन्यूज, वुई विल हॅव टू टेक इट टू द कमिटी.’

मराठी मजकुरापेक्षा हा लांब झाला आहे. सौजन्याचा सूर आणि तारखा वेगळ्या लिहाव्या लागल्या, म्हणून ही लांबी आली. निरोप सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नये, थेट त्या शेजाऱ्याला पाठवावा आणि जपून ठेवावा. प्रकरण कमिटीपुढे गेलंच, तर तारखांसह आधी कळवल्याचा तोच पुरावा होतो.