एकाच सामन्यात दोघेही जिंकले

२५ मे २००५. इस्तंबूलमधल्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात मिलानने पूर्वार्धात लिव्हरपूलवर तीन गोल केले. उत्तरार्धात ५४व्या ते ६०व्या मिनिटाच्या दरम्यान लिव्हरपूलने तिन्ही फेडले. ९० मिनिटांअखेर ३-३ अशी बरोबरी झाली. पण ‘कोणताही एक अर्ध जिंकणे’ या बाजारात मिलानही जिंकला आणि लिव्हरपूलही! ‘दोन्ही अर्धांत गोल’ ही पैजही लागली. अशा पैजांचा भाव ठरवतात तरी कसा?

समजा, यजमान संघाकडून सरासरी १.६ आणि पाहुण्यांकडून १.१ गोल अपेक्षित आहेत, म्हणजे एकूण २.७. पूर्वार्धात साधारण ४५ टक्केच गोल होतात. उत्तरार्धात पाय थकतात, ताजे खेळाडू मैदानात येतात, पिछाडीवरचा संघ धोका पत्करतो आणि वाढीव वेळही बहुधा जास्त मिळतो. म्हणून पूर्वार्धाच्या वाट्याला १.२ आणि उत्तरार्धाच्या वाट्याला १.५ गोल येतात.

सरासरी १.२ असताना एकही गोल न होण्याची शक्यता प्वासाँच्या सूत्राने e^-1.2, म्हणजे ३० टक्के. उत्तरार्धासाठी ती २२ टक्के. म्हणजे गोल होण्याची शक्यता अनुक्रमे ६९.९ आणि ७७.७ टक्के, आणि त्यांचा गुणाकार, म्हणजे दोन्ही अर्धांत गोल होण्याची शक्यता, सुमारे ५४.३ टक्के. १ ला ०.५४३ने भागले की नफा न धरता भाव १.८४ येतो. आता गंमत पाहा. गोल दोन्ही अर्धांत अगदी समान वाटले, तरी उत्तर ५५च्या आसपासच राहते! एका अर्धात जे कमी होते, ते दुसऱ्यात जवळजवळ भरून निघते. भाव खऱ्या अर्थाने हलतो तो एकूण गोलांच्या अंदाजावर.

अर्ध जिंकण्याचे गणित आणखी सुंदर आहे. याच आकड्यांवर यजमान पूर्वार्ध जिंकण्याची शक्यता ३६.५ टक्के आणि उत्तरार्ध जिंकण्याची ४० टक्के. दोन्ही हुकण्याची शक्यता ०.६३५ गुणिले ०.६०, म्हणजे ३८ टक्के. उरले ६२. पूर्ण सामना जिंकण्याची शक्यता मात्र ४९ टक्केच! उत्तरार्धाचा हिशेब पुन्हा ०-० पासून सुरू होतो, म्हणून ही दुसरी संधी मिळते.

या गुणाकारात दोन्ही अर्ध एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे धरले आहे, आणि कच्चा दुवा नेमका तिथेच आहे. पूर्वार्ध न जिंकलेला संघ उत्तरार्धात जोर लावतो, म्हणून ६२चा आकडा थोडा वर जायला हवा. पण त्याचा दिवसच वाईट असेल, तर तो खाली यायला हवा. या दोन ओढींचा तोल सूत्र सांगत नाही, तो जुन्या सामन्यांच्या अर्धवार निकालांवरूनच तपासावा लागतो.

६२ टक्क्यांचा निखळ भाव सुमारे १.६१ होतो. बुकमेकरने १.५५ लावला, तर त्या भावात यजमानांची शक्यता ६४.५ टक्के धरलेली असते. मधला फरक त्याचा नफा.