नमुन्याचीच नक्कल

एका भाषा-मॉडेलची उत्तरं तपासायला हल्ली दुसरं मॉडेल बसवतात. त्याला सूचनांसोबत तपासलेल्या उत्तरांचे दोन-चार नमुने देतात, म्हणजे गुण कसे द्यायचे ते कळावं. अडचण इथूनच सुरू होते.

समजा, बँकेच्या ग्राहकांना दिलेली उत्तरं पाचपैकी गुणांनी तपासायची आहेत. तीन नमुने दिले. दोघांना 2 गुण, एकाला 4. शेवटच्या, 2 गुणांच्या नमुन्यात शेरा आहे: ‘माहिती बरोबर, पण मुदतीची तारीख दिलेली नाही.’ मग एक ग्राहक विचारतो, शाखा किती वाजता उघडते? उत्तर अचूक आहे. तरी परीक्षक लिहितो, ‘मुदतीची तारीख दिलेली नाही’, आणि 2 गुण देतो. तारखेचा इथे संबंधच नव्हता! शेरा वाचायला इतका नेटका असतो की माणूसही फसतो.

जीपीटी-3वरच्या 2021च्या एका अभ्यासात हा कल स्पष्ट दिसला: नमुन्यांत जो निकाल जास्त वेळा येतो किंवा शेवटी येतो, त्याकडे मॉडेल झुकतं. त्या संशोधकांनी प्रश्नाच्या जागी ‘N/A’ असा निरर्थक मजकूर देऊन झुकाव मोजला. आपल्याला त्याहून सोपी चाचणी करता येते. नमुन्यांचा क्रम बदलून तीच उत्तरं पुन्हा तपासायची. गुण हलले, तर ते उत्तराचे नव्हते.

माझ्या मते नमुने वेगळ्या विषयाचे घ्यावेत, त्यांत सगळे गुण यावेत, आणि परीक्षकाला आधी समोरच्या उत्तरातलं वाक्य उद्धृत करायला लावावं. नक्कल यानेही पूर्ण थांबत नाही. म्हणून माणसांनी तपासलेल्या उत्तरांशी अधूनमधून ताळा घ्यावाच लागतो.