खड्ड्यातली गुठळी आणि विडीची वेळ

दाढ काढल्यानंतरच्या दुखण्याची एक ठरलेली चाल असते. भूल उतरल्यावर पहिल्या रात्री ठणकतं, दुसऱ्या दिवशी गोळीने आवरतं आणि तिसऱ्या दिवशी माणूस कामाला लागतो. ही चाल उलटली, म्हणजे दोन दिवस बरं वाटून तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणं दुपटीने परत आलं, की पेशंट तोंड उघडण्याआधीच मी विचारते, "विडी ओढलीत का?"

इचलकरंजीत यंत्रमागांवर काम करणारे लोक दवाखान्यात येत असतात, त्यामुळे हा प्रश्न तोंडात बसला आहे. त्यातल्याच एका मामांची गोष्ट सांगते. वय पंचेचाळिशीच्या पुढे, दिवसाला एक बंडल विडी. माग चालू असताना जवळ विडी ओढता येत नाही, म्हणून आत असताना गालात तंबाखू. खालची उजवी दाढ मुळापर्यंत किडलेली होती आणि ती काढण्यावाचून इलाज नव्हता. दाढ निघाली, खड्ड्यावर कापसाची घडी दाबून धरली. थोड्या वेळाने बघितलं तर घडी जेमतेम लाल झालेली. मामा खूश. "रगात आलंच न्हाई की मॅडम!"

मला मात्र ते रक्त हवं होतं. दाढ निघाल्यावर जबड्याच्या हाडात जो खड्डा उरतो, तो रक्ताने काठोकाठ भरावा लागतो. त्या रक्ताची गुठळी हेच उघड्या हाडाचं पांघरूण. पुढच्या आठवडाभरात आजूबाजूच्या हिरडीतून बारीक रक्तवाहिन्या आणि नव्या पेशी त्या गुठळीत शिरतात, तिच्या जागी कोवळं मांस धरतं, आणि मग तीन-चार आठवड्यांत वरून हिरडी मिटते. गुठळीच अपुरी असली तर या सगळ्याला आधार राहत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या खड्ड्यात मुळातच रक्त कमी भरतं आणि दुखरे खड्डेही त्यांच्यातच जास्त होतात, हे 1988 साली ब्रिटनमधल्या दंतवैद्यांनी नोंदवून ठेवलं आहे. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. त्यात खालचा जबडा वरच्यापेक्षा घट्ट हाडाचा, त्याला रक्तपुरवठा कमी. म्हणून वरच्या दाढेपेक्षा खालची दाढ, आणि त्यातही अक्कलदाढ, जास्त त्रास देते.

चौथ्या दिवशी सकाळी मामा गालावर हात धरून आले. "कालपर्यंत काय बी न्हवतं. आता कान फुटाय लागलाय." दुखणं दाढेच्या जागी, पण कळ कानात आणि कानशिलात, ही याची खूण. तोंड उघडताच विशिष्ट कुजकट वास आला. पिचकारीने कोमट सलाइन सोडून अन्नाचे कण धुतले, तेव्हा खड्डा स्पष्ट दिसला. गुठळीचा पत्ता नव्हता, तळाशी राखाडी-पांढरं हाड उघडं पडलेलं. उपकरणाचं टोक त्याला नुसतं टेकलं तरी मामा खुर्चीतून उठले. ताप नव्हता, पू नव्हता, गाल सुजलेला नव्हता. यालाच आम्ही ड्राय सॉकेट म्हणतो.

मामांना अँटिबायोटिक हवं होतं. पण ताप-सूज-पू नसताना त्या गोळ्यांनी ही कळ थांबत नाही, कारण दुखणं उघड्या हाडाचं आहे. खड्डा खरवडून नवं रक्त काढण्याचा मोहही आवरावा लागतो. त्याने शिल्लक राहिलेलं कोवळं मांसही निघून जातं. करायचं एवढंच, की धुवायचं आणि लवंगेतल्या युजेनॉलची औषधी पट्टी खड्ड्यात हलकेच ठेवायची. काही मिनिटांत मामांचा चेहरा सैल झाला. ती पट्टी दर एक-दोन दिवसांनी बदलावी लागते, आणि आठवडा-दहा दिवसांत हाड झाकलं जाऊन दुखणं विरतं. घरी लवंगेच्या तेलाचा बोळा कोंबणारे पुष्कळ आहेत. नुसतं तेल हिरडी भाजतं आणि कापसाचे तंतू आत अडकून बसतात.

विडी कधी ओढली, हे विचारल्यावर मामा म्हणाले, "त्याच दिवशी रात्री, अर्धीच." रात्रपाळी होती, झोप येत होती. विडी सिगारेटपेक्षा वाईट ती इथे. तेंदूचं पान सारखं विझतं, म्हणून ती पेटती ठेवायला जोरजोरात ओढावं लागतं. त्या ओढीने तोंडात जी पोकळी तयार होते, ती ताज्या गुठळीला खेचते. वर धूर आणि त्याचा दाह. शिवाय धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा अडवतो, तेव्हा जखमेपर्यंत जे थोडं रक्त पोचतं तेही अर्धपोटी.

मामांची डाव्या बाजूची दाढही काढायची होती. त्यांना जन्मभरासाठी विडी सोडायला सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि जिना उतरून पेटवली असती. सोडावी हे मी सांगितलंच, पण दाढेसाठी मी नेमके दिवस मागते. पाळ्या आठवड्याने बदलतात, म्हणून दिवसपाळीचा आठवडा धरला, कारण रात्री जागायला लागलं की विडी चुकत नाही. वार सोमवार घेतला. गुरुवार-शुक्रवारी दाढ काढली तर दुखण्याचा धोक्याचा दिवस नेमका रविवारच्या बंद दवाखान्यावर येतो. वेळ सकाळची पहिली. शेवटची विडी आदल्या संध्याकाळची ठेवली, कारण रक्तातला कार्बन मोनॉक्साइड दर चार-सहा तासांनी निम्मा होतो आणि रात्रभरात बराचसा ओसरतो. आधीचे अधिक दिवस मिळाले तर उत्तमच. नंतर आठवडाभर विडी नाही. अगदीच जमेना तर पहिले 3 दिवस तरी अजिबात नाही, कारण गुठळी त्याच दिवसांत सर्वांत कच्ची असते. तंबाखूही बंद, नाहीतर चुना आणि चोथा थेट खड्ड्यात जातो. तलफेसाठी निकोटिनचं च्युइंगम नको, तेही चघळावं लागतं. त्यापेक्षा दंडावर चिकटवायची पट्टी बरी, तीही विचारून.

आणि थुंकायचं नाही. तंबाखू खाणाऱ्याला हे विडीपेक्षा अवघड जातं. घडी पाऊण तास दाबून धरायची, लाळ गिळायची, पहिले 24 तास चूळ नाही, शहाळं स्ट्रॉने प्यायचं नाही. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाचं पाणी तोंडात फिरवून बेसिनवर वाकायचं आणि ते आपोआप गळू द्यायचं.

मामांनी पाच दिवस काढले, सहाव्या दिवशी एक ओढली. डावा खड्डा तरीही दुखला नाही आणि महिन्याच्या आत हिरडी मिटली. उजव्या बाजूला त्याहून जास्त वेळ लागला होता. आतलं हाड भरायला मात्र दोन्हीकडे काही महिने जातात, आणि धूम्रपान चालू असेल तर हाडाची उंचीही जास्त घटते. नव्या दाताचं माप घ्यायची घाई म्हणूनच मी करत नाही.

तंबाखूवाल्यांच्या बाबतीत एका गोष्टीवर मी डोळा ठेवून असते. ड्राय सॉकेट कितीही दुखला तरी दिवसागणिक कमी होत जातो. तीन आठवडे उलटूनही खड्डा भरत नसेल, काठ कडक लागत असतील, आतून मांस वर येत असेल किंवा ओठ बधिर वाटत असेल, तर पट्ट्या बदलत बसायचं नाही. एक्स-रे काढायचा आणि तिथला तुकडा तपासायला पाठवायचा, कारण तिथे कॅन्सर असू शकतो, आणि दाढ मुळात हलत होती म्हणून काढली असेल तर त्याचं कारणही कदाचित तोच असेल.