जुना इन्व्हर्टर, लिथियमची बॅटरी

घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी चार-पाच वर्षांनी दम सोडते आणि आपण दुकानात जातो. तिथं हल्ली दोन पर्याय समोर येतात. एक नेहमीची उंच ट्युब्युलर, ५५-६० किलोची, दोघांनी धरून जिना चढवावी लागणारी. दुसरी तिच्या पाचव्या हिश्श्याच्या वजनाची, पाणी न मागणारी आणि बरीच महाग लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे ‘एलएफपी’. वर दुकानदाराचं आश्वासन असतं, “इन्व्हर्टर तोच राहू द्या, फक्त बॅटरी बदलू.” हे आश्वासन पुष्कळदा खरं निघतं, पण दरवेळी नाही. ते खरं की खोटं हे बॅटरीपेक्षा इन्व्हर्टरच्या पोटातला चार्जर ठरवतो.

ट्युब्युलर बॅटरी म्हणजे लेड-ॲसिड. शिशाच्या प्लेटा आणि त्यांच्याभोवती पातळ केलेलं गंधकाम्ल. वीज देताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट साचतं, चार्ज होताना ते पुन्हा निघून जातं. मात्र बॅटरी बराच काळ अर्धीमुर्धी राहिली तर या सल्फेटचे स्फटिक मोठे आणि टणक होतात, मग ते हटत नाहीत. म्हणून लेड-ॲसिडला कायम काठोकाठ भरलेलं ठेवावं लागतं. भरत आल्यावर ती पाणीच फोडू लागते, हायड्रोजन सुटतो आणि आपल्याला डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणावी लागते.

एलएफपीमध्ये असं काही साचत-विरघळत नाही. लिथियमचे आयन लोह-फॉस्फेटच्या जाळीतून निघून ग्राफाइटच्या थरांत शिरतात आणि वीज देताना परत येतात. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटानं १९९७ मध्ये हा पदार्थ बॅटरीसाठी पुढे आणला. गुडइनफ यांना पुढे २०१९ मध्ये लिथियम-आयन बॅटरीवरच्या कामासाठी नोबेल विभागून मिळालं. या जाळीत फॉस्फरसनं ऑक्सिजनला घट्ट धरलेलं असतं, त्यामुळे सेल तापला तरी ऑक्सिजन सहज सुटत नाही. लिथियमच्या इतर प्रकारांपेक्षा हा प्रकार घरात ठेवायला बरा, त्याचं कारण हेच. अर्धी भरलेली राहिली तरी ही बॅटरी कुरकुरत नाही. उलट महिनोन्महिने काठोकाठ भरलेलं राहणंच तिला मानवत नाही.

आता एक घर घेऊ. तीन पंखे, सहा एलईडी दिवे, टीव्ही आणि राउटर मिळून ३४० वॉट. इन्व्हर्टरमध्ये काही वीज वाया जाते, म्हणून बॅटरीतून ४०० वॉट ओढले जातील. जुन्या बॅटरीवर १५० अँपिअर-अवर लिहिलेलं असतं, पण तो आकडा २० तासांत सावकाश, म्हणजे साडेसात अँपिअरनं वापरल्यावरचा. आपल्या घराला ३३ अँपिअर लागतात. एवढ्या वेगानं ओढलं तर नव्या बॅटरीतूनही साधारण १०० ते ११० अँपिअर-अवरच हाती येतात, म्हणजे तीन-सव्वातीन तास. तेही तळापर्यंत खरवडून, आणि रोज खरवडलं तर तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं. १०० अँपिअर-अवरच्या एलएफपीत १२.८ व्होल्टनं १२८० वॉट-तास असतात. त्यातले नव्वद टक्के वापरले तरी तीन तासांच्या आसपास निघतात, आणि असं रोज वापरायलाच ती बनवलेली आहे. थोडक्यात, १५०ची ट्युब्युलर काढून १०० ची एलएफपी बसवली तर घरच्यांना फरक कळणार नाही.

फरक कळतो तो लाइट परत आल्यावर. लेड-ॲसिडचा शेवटचा पाचवा हिस्सा फार हळू भरतो, कितीही जोर लावा. सकाळी चार तास आणि रात्री चार तास लाइट जाणाऱ्या गावात ती कधी पूर्ण भरतच नाही, आणि सल्फेटनं मरते. एलएफपी जवळजवळ शेवटपर्यंत एकाच वेगानं वीज घेते, अगदी ५० अँपिअरनंही. पण जुना इन्व्हर्टर देतो १०-१५ अँपिअर. म्हणजे रिकामी झाली तर तिलाही सात ते दहा तास लागणार. ‘दोन तासांत फुल’ ही जाहिरात जुन्या यंत्राला लागू नाही.

आता चार्जरच्या व्होल्टेजकडे येऊ. एलएफपीत ३.२ व्होल्टचे चार सेल एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक सेलची वरची मर्यादा ३.६५, म्हणजे एकूण १४.६. भरायला १४.२ ते १४.४ पुरेसे होतात. इन्व्हर्टरच्या मागं ‘ट्युब्युलर’, ‘फ्लॅट’, ‘एसएमएफ’ अशी कळ असते. ट्युब्युलरवर काही मॉडेल १४.८च्या वर जातात. तसं झालं की एलएफपीच्या आतलं रक्षक सर्किट, म्हणजे बीएमएस, बॅटरी तोडून टाकतं. चार्जिंग चालू असताना बॅटरी अशी अचानक गायब झाली की इन्व्हर्टरमध्ये व्होल्टेज उसळतं, तो ओरडतो किंवा बंद पडतो. कळ एसएमएफवर आणली तर बहुतेकदा भागतं. पण छापील माहितीवर विसंबू नका, मल्टिमीटर लावा. जुनी बॅटरी जोडलेली असतानाच, ती भरत आल्यावर टर्मिनलवर सर्वाधिक किती दिसतं ते बघा. मग रात्रभर चार्जिंगवर ठेवून सकाळी पुन्हा बघा. पहिला आकडा १४.४ पर्यंत आणि दुसरा १३.८ पर्यंत असेल तर इन्व्हर्टर चालेल. सल्फेट झाडण्यासाठी अधूनमधून जास्त व्होल्टेज देणारी सोय असेल आणि ती बंद करता येत नसेल, तर तो विषय तिथंच संपला.

दुसरी गफलत खालच्या टोकाला होते. लेड-ॲसिडचं व्होल्टेज हळूहळू उतरतं, त्यावरूनच जुना इन्व्हर्टर चार्जचे दिवे दाखवतो. एलएफपी मात्र सत्तर टक्क्यांना १३.२ आणि तीस टक्क्यांना १३ व्होल्टच्या आसपास असते. त्यामुळे इन्व्हर्टर ‘फुल’ दाखवत राहतो आणि मग फारशी सूचना न देता घर अंधारात जातं. इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टला थांबायची वाट बघतो, काही बीएमएस त्याच्या आधीच तोडतात. तोडल्यावर टर्मिनलवर जवळपास शून्य दिसतं. लाइट आली तरी काही इन्व्हर्टर ‘बॅटरीच नाही’ असं समजून चार्ज करत नाहीत. नवी बॅटरी ‘मेली’ अशा तक्रारीत मीटरवर असं एकाएकी शून्य दिसलं, तर बॅटरीऐवजी बीएमएसवर संशय घ्या. रीसेटची कळ किंवा लिथियमचा वेगळा चार्जर तिला जागं करतो. खरेदीच्या वेळीच विचारून ठेवलेलं बरं.

लेबलवर LiFePO4 आणि १२.८ व्होल्ट असल्याची खात्री करा. १४.८ व्होल्ट लिहिलं असेल तर ते लिथियम वेगळं, ते या इन्व्हर्टरला लावू नये. ९०० व्हीएच्या इन्व्हर्टरवर पूर्ण भार टाकला तर ६५ अँपिअरच्या आसपास ओढले जातात, म्हणून बीएमएस १०० अँपिअरचं हवं. ५० चं असेल तर मिक्सर लावताच घर बंद. आणि जुनी ट्युब्युलर ‘अजून थोडी चालते’ म्हणून एलएफपीच्या जोडीला समांतर लावायची नाही.

माझं मत विचाराल तर महिन्यातून तास-दोन तास लाइट जाणाऱ्या मुंबई-पुण्याच्या घरानं ट्युब्युलरच घ्यावी आणि पाणी वेळेवर घालावं. तिथं एलएफपीचे हजारो चार्ज वापरलेच जाणार नाहीत, आणि ती सदैव काठोकाठ भरलेली राहील. रोज भारनियमन सोसणाऱ्या गावात मात्र एलएफपीचे पैसे वसूल होतात. फक्त मीटरचे आकडे जुळले नाहीत तर हिशेबात नव्या इन्व्हर्टरची किंमत धरा. शिवाय जुन्या बॅटरीतल्या शिशाला भंगारात चांगला भाव येतो, तो नव्या बिलातून वळता करून घ्यायला विसरू नका.